दोन रकाने: शालिनीबाईंच्या स्मरणार्थ चित्रफितीची संहिता

(शोकसभा गावातल्या देवळाच्या मंडपात, संध्याकाळी सहाला. चित्रफीत अंदाजे दहा मिनिटांची. संकलन करणाऱ्या मुलांना एकच विनंती: मागे बासरी नको. असल्या व्हिडिओंवर बाई हसायच्या. "माणूस मेलं की सगळ्यांना एकच बासरी," असं त्यांचं म्हणणं. खडूचा आवाज आणि पाऊस पुरेसा आहे.)

दृश्य 1
पडदा काळा. फळ्यावर खडू घासल्याचा आवाज. मग काळा फळा, मधोमध उभी रेघ. डावीकडे "घरचो शब्द", उजवीकडे "वहीतला शब्द".

सूत्रनिवेदन:
डिचोली तालुक्यातल्या आपल्या गावच्या सरकारी मराठी शाळेत शालिनीबाई 1972 साली रुजू झाल्या आणि 2008 साली निवृत्त झाल्या. मधल्या छत्तीस वर्षांत बदलीचे कागद दोनदा आले, दोन्ही वेळा गावाने परत पाठवले. वर्ग चार, खोल्या दोन, बाई एक. पुरस्काराचं एक मानपत्र होतं, ते घरी तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून सापडलं. त्याबद्दल एवढंच.
ही रेघ मात्र त्यांनी रोज सकाळी आखली.

दृश्य 2
सुहासिनी, चौथीची तुकडी 1975. स्वतःच्या ओसरीवर बसलेली, मागे तुळस.

सुहासिनी:
मी पहिलीत आले तेव्हा मला मराठी येत नव्हतं. आपल्यातल्या कोणालाच येत नव्हतं, खरं सांगायचं तर. घरी कोकणी, देवळात आरती मराठी, आणि शाळेत पुस्तक मराठी. दुसऱ्याच दिवशी मला तहान लागली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "बाय, म्हाका उदक जाय." पोरं हसली. मोठ्या वर्गातल्या एकीने सांगितलं, अगो, पाणी म्हण, पाणी.
बाई काहीच बोलल्या नाहीत. आधी मला पाणी दिलं. मग डावीकडे लिहिलं "उदक", उजवीकडे "पाणी". आणि विचारलं, "घरी पूजेला भटजी येतात, ते तांब्यातल्या पाण्याला काय म्हणतात?" कोणीतरी म्हणालं, गंगोदक. "मग सुहासिनीने चुकीचं काय मागितलं?"
आज मी आजी झाले. नातीच्या शाळेत कोणी तिच्या बोलण्याला हसलं तर मला अजून ती तहान आठवते.

दृश्य 3
जुना कृष्णधवल फोटो: शाळेचं कौलारू छप्पर, आवारात मुलं. आता त्याच जागेचं आजचं चित्रण.

प्रकाश, तुकडी 1980:
गोड गोड बोलायचं ठरलंय, पण एक सांगतो. बाई मारायच्या. लाकडी पट्टी होती, आडवी. अक्षर वाईट काढलं की बसलीच. माझी दोन बोटं अजून त्यांची आठवण काढतात.
मी दहावी होईपर्यंत बाईंचा आणि माझा संबंध संपायला हवा होता. नाही संपला. 1986 च्या जुलैमध्ये मला पणजीला प्रवेशाचा अर्ज द्यायचा होता आणि 5 तारखेला मांडवीवरचा पूल पडला. बाबा म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे खाणीवर, हे मला कळत होतं. बाई सकाळी साडेपाचला आमच्या दारात. हातात छत्री, पिशवीत माझे दाखले मेणकागदात गुंडाळलेले. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी ही गर्दी. वरून पाऊस. आम्ही भिजलो, दाखले नाही भिजले.
बोटीत मी रडत होतो, भीतीने. मी इतकाच बोललो, "बाय, म्हाका जमचें ना." बाई म्हणाल्या, "हा शब्द वहीत घेत नाही मी."

दृश्य 4
एक जाड, लाल धुळीने कडा रंगलेली वही. पानं उलटतात. प्रत्येक पानावर मधोमध रेघ.

सूत्रनिवेदन:
वही म्हणजे ही. बाई गेल्यावर त्यांच्या भाचीने कपाटातून काढली. एक नव्हे, सात. मुलाने वर्गात घरचा नवा शब्द आणला की बाई तो टिपून ठेवत. बाजूला मुलाचं नाव आणि वर्ष. कडांचा लाल रंग शाईचा नाही. खनिजाचे ट्रक शाळेसमोरून जायचे तेव्हा फळा पुसला तर फडक्यावर खडूआधी लाल माती यायची. आपल्या तुकड्यांतल्या कोणाच्याही जुन्या पुस्तकाला हाच रंग दिसेल.

दृश्य 5
अनिता, तुकडी 1987. बँकेच्या शाखेबाहेर उभी.

अनिता:
माझं चौथीचं वर्ष म्हणजे भाषेच्या भांडणाचं वर्ष. राजभाषा कायदा 4 फेब्रुवारी 1987 ला झाला, हे आज पाठ आहे. तेव्हा एवढंच कळत होतं की माझे काका आणि माझे मामा एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. एक मराठीवाले, एक कोकणीवाले. गंमत म्हणजे दोघं भांडायचे कोकणीतून आणि दोघांची पत्रं मराठीतून.
गावातली चार माणसं शाळेत आली. बाईंना म्हणाली, तुम्ही मराठी शाळेच्या बाई, फळ्यावर कोकणी कशाला? त्यानंतर आठवड्याभराने दुसरी चार माणसं. तुम्ही गोंयकार, मुलांवर मराठी कशाला लादता? दोन्ही वेळा मी पहिल्या बाकावर होते. बाईंनी दोन्ही वेळा त्यांना बसायला खुर्ची दिली आणि धडा चालू ठेवला.
नंतर आम्हाला म्हणाल्या, "रेघ मी मधोमध का आखते? नीट मोजून बघा." आम्ही फूटपट्टीने मोजली. दोन्ही बाजू सारख्या. एक बोटाचाही फरक नाही.
बाई कुठल्या बाजूच्या होत्या, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

दृश्य 6
पहाट. सायकलवर पावाची टोपली, पोदेरचा भोंपू वाजतो. हा आवाज मोठा ठेवावा.

जुझे, तुकडी 1994:
आमच्या घरात मराठी शाळेत गेलेला मी पहिला. पाय म्हणायचा, चर्चच्या शाळेत जा, पण ती लांब, आणि पहाटे पाव वाटून मी तिथे वेळेत कसा पोचणार? बाईंची शाळा वाटेवर.
मी एक दिवस म्हटलं, जनेल धांप, वारो येता. सगळे हिंदू मुलगे म्हणाले आम्हीसुद्धा जनेलच म्हणतो. बाईंनी लिहिलं जनेल, समोर खिडकी, आणि सांगितलं की हा शब्द पोर्तुगीज जहाजातून उतरला आणि आपल्या घराला लागला. "आता तो आपला. जहाज गेलं."
नाताळाला मी त्यांच्याकडे केक घेऊन जायचो. त्या अंडं खात नव्हत्या. तरी दरवर्षी घेत, आणि शेजारच्या पोरांना वाटत. ते मला खूप उशिरा कळलं. कळल्यावर मी नारळ आणि रव्याची बोलिन्यां करायला लागलो, अंड्याशिवाय. चांगली होत नाहीत. बाई म्हणायच्या, चांगली झालीत.

दृश्य 7
चतुर्थीची माटोळी, कॅमेरा खालून वर. सुपारीचा शिपटो, नारळ, चिबूड, रानफळं.

नीलेश, तुकडी 1999, वनखात्यात नोकरी:
चतुर्थीच्या आधी बाई आम्हाला रानात न्यायच्या. अभ्यासक्रमात नव्हतं. शाळेच्या वाशाला छोटी माटोळी बांधायची आणि प्रत्येक फळाला दोऱ्याने चिठ्ठी. चिठ्ठीवरही रेघ. डावीकडे कांगलां, उजवीकडे मालकांगोणी. डावीकडे घागऱ्यो, उजवीकडे खुळखुळा. ती शेंग सुकल्यावर हलवली की वाजते, म्हणजे दोन्ही नावं तिच्या आवाजावरूनच पडलेली. कवंडळ आणलं तेव्हा बाई थांबल्या. दोन्हीकडे कवंडळच लिहिलं. एवढ्या खूश झाल्या की त्या दिवशी शाळा अर्धा तास आधी सोडली.
ओरबाडायचं नाही, हा नियम. वेलीवर तीन असतील तर एक तोडायचं. मी आज हेच काम करतो, गणवेश घालून.
बाई गेल्या तेव्हा चतुर्थीला पंधरा दिवस होते. या वर्षी मी माटोळीला चिठ्ठ्या बांधल्या. घरच्यांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं नाही.

दृश्य 8
बाईंच्या घराची ओसरी. रिकामी चटई. भिंतीला टेकवलेली छोटी पाटी.

साईश, ओसरीवरचा, 2013:
मी बाईंच्या शाळेतला नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी बालवाडीत. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या. बाबांचा ट्रक कर्जावर. ट्रक अंगणात उभा आणि बाबा त्याच्याकडे बघत ओसरीवर. माझी शिकवणी बंद झाली. बाईंनी आईला निरोप पाठवला: मुलाला संध्याकाळी पाठव, येताना एक नवीन शब्द आणायला सांग. फी तेवढीच.
मी बाबांचे शब्द न्यायचो. टिप्पर, रिजेक्शन, डंप. बाईंनी तेसुद्धा लिहिले. समोर मराठी लिहिताना त्या बाबांना विचारायच्या, बरोबर आहे का हो? त्या वर्षभरात बाबांना कोणी काही विचारत नव्हतं. बाईंच्या ओसरीवर यायला मात्र ते दाढी करून निघायचे.

दृश्य 9
सातवी वही. शेवटचं लिहिलेलं पान. आवाज फक्त पावसाचा.

सूत्रनिवेदन:
शेवटचा शब्द आर्याचा. तिसरीत आहे, आणि बाई गेल्या त्या आठवड्यातही ओसरीवर येत होती.

आर्या:
मी सांगितलं होतं, गजाल. आजी म्हणते ना, एक गजाल सांगता, आयक. बाईंनी गोष्ट लिहिलं, मग खोडलं. मग गप्पा लिहिलं. ते पण खोडलं. मग भानगड लिहिलं आणि हसल्या, आणि खोडलं. म्हणाल्या, उद्या ये, सापडेल.

पानाचं जवळून दृश्य. डावीकडे "गजाल, आर्या, 2025". उजवीकडे तीन खोडलेले शब्द आणि त्यांच्याखाली कोरी जागा. दहा सेकंद तसंच ठेवावं. नाव, जन्म-मृत्यूची साल काही झळकवू नये.

(पडदा काळा होऊ देऊ नये. मंडपातले दिवे लावावेत. सातही वह्या आणि एक पेन दारापाशी टेबलावर ठेवलेलं असेल.)