नोटिशीच्या फोटोवरून पात्रता तपासली : बारावी विज्ञान 452/600, ओबीसी, उत्पन्न 3.80 लाख

ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून शिष्यवृत्तीची नोटीस दोनदा वाचली. तुमची मुलगी उत्पन्नात बसते, प्रवर्गात बसते. गुणांवरून मात्र अजून 'नाही' म्हणू नका. आणि राज्याच्या फीसवलतीसाठी महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज भरण्याआधी खालचं शेवटपर्यंत वाचा.

ही नोटीस केंद्र शासनाच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीची आहे. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर (scholarships.gov.in) भरायचा असतो. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी 12,000 रुपये मिळतात.

आधी गुण. तुम्ही लिहिलंत, "80 हवेत आणि तिला 75.33 टक्के आहेत, म्हणजे गेलं." नोटिशीतली दुसरी अट पुन्हा बघा. तिथे '80 पर्सेंटाइलपेक्षा अधिक' असं छापलंय, 80 टक्के नव्हे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पर्सेंटाइल म्हणजे तिच्याच मंडळाच्या, तिच्याच शाखेच्या उत्तीर्ण मुलांमध्ये ती कुठे उभी आहे ते. शंभरातली ऐंशी मुलं तिच्या मागे असली की अट पूर्ण झाली, मग टक्के पंच्याहत्तर असोत की सत्तर. त्यासाठी मंडळ शाखानिहाय किमान गुण जाहीर करतं. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन 2025 च्या विज्ञान शाखेचा तो आकडा विचारा आणि 452 शी ताडून पाहा. कला किंवा वाणिज्यचा आकडा कुणी सांगितला तर तो आपल्या कामाचा नाही. 80 टक्के समजून अर्जच न भरणारी मुलं दरवर्षी दिसतात, म्हणून यावर एवढं लिहिलं.

उत्पन्न. मर्यादा 4.50 लाख, तहसीलदारांचा दाखला 3,80,000 चा. पण तुम्ही दिलेला हिशेब मांडला तर पगार 3,10,000 आणि शेती 70,000 एवढ्यातच ही बेरीज पुरी होते. तुमच्या शिलाईचे महिन्याचे 4,000 त्यात धरलेलेच नाहीत. ते धरले तर वर्षाचे 48,000 वाढून 4,28,000 होतात, म्हणजे तरीही मर्यादेच्या आतच. तेव्हा लपवायचं कारणच नाही. कुटुंबाचं एकूण उत्पन्न दाखवणारा दाखला नव्याने काढून घ्या आणि अर्जात तोच आकडा लिहा. दाखल्यावर एक आणि अर्जात दुसरा आकडा असला की पडताळणीत अर्ज परत येतो.

प्रवर्ग. कुणबी जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे, त्यामुळे 27 टक्के राखीव वाट्यात ती बसते. जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रीमी लेअर काढून ठेवा. मात्र या प्रवर्गाला पर्सेंटाइलमध्ये सूट नाही, राखीव वाटा निवडीच्या वेळी लागतो. शिवाय निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी असतात, हे तिच्या बाजूचं आहे. अटी पूर्ण झाल्या म्हणजे रक्कम नक्की, असं मात्र नाही. शेवटी निवड गुणवत्ता यादीनेच होते.

आता महाडीबीटी. ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, राज्याची फीसवलतही त्यात आली. नोटिशीतल्या पाचव्या अटीवर ट्यूबलाइटची चमक पडली आहे. 'अन्य कोणत्याही' एवढंच दिसतं, पण अट तीच. तिची बी.एस्सी.ची फी 8,940 आहे. ओबीसी सवलतीत त्यातली नेमकी किती रक्कम माफ होईल ते ऑफिसात लिहून घ्या आणि 12,000 शी तुलना करा. सवलत फीपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून गुणांची अट पूर्ण होत असेल तर मी केंद्राचीच निवडेन. गुण त्या आकड्याखाली असतील तर मात्र महाडीबीटीचा अर्ज लगेच भरा, तो हातचा जाऊ देऊ नका.

अर्ज भरताना नाव नीट बघा. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी. कॉलेजच्या पडताळणीत हे अडतं, म्हणून ऑफिसला आधीच दाखवा. बँक खातं तिच्या स्वतःच्या नावावर हवं आणि आधारशी जोडलेलं हवं. नुसतं केवायसी पुरत नाही, थेट लाभासाठी आधार जोडलाय का, असं बँकेत स्पष्ट विचारा. फॉर्म सबमिट केल्यावर कॉलेजने तो पोर्टलवर पडताळला का, याचा पाठपुरावा तिलाच करावा लागेल. तिथे अडकलेला अर्ज पुढे जातच नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

फोटोत खालचा उजवा कोपरा कापला गेलाय, तिथेच अंतिम तारीख आहे. 'पर्यंत' एवढा शब्द उरलाय. उद्या ती कॉलेजला गेली की नोटिशीच्या समोर सरळ उभं राहून, फ्लॅश बंद करून, चारही कोपरे येतील असा फोटो काढायला सांगा आणि मला पाठवा. कॉलेजने स्वतःची आधीची तारीख दिली असेल तर तीच पाळायची, पोर्टलवरची नाही.