शिफारसपत्राच्या तुमच्या विनंतीबद्दल

प्रिय निखिल,

तुमचा ईमेल आणि सोबतचा बायोडेटा, दोन्ही नीट वाचले. जैवसंख्याशास्त्रात मास्टर्स करायचं तुम्ही ठरवलंत हे वाचून फार बरं वाटलं. सर्वेक्षणाच्या आकड्यांवर वर्षानुवर्षं काम करणारे पुष्कळ असतात. त्या आकड्यांमागचं गणित मुळापासून शिकायला नोकरी सोडून निघणारे कमी. तुमचा निर्णय मला मनापासून पटला.

तुम्ही ताटकळत राहू नये म्हणून उत्तर आधीच सांगते. तुमचं शिफारसपत्र मी लिहू शकणार नाही. अर्जाची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीची आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाला विचारायला अजून हाताशी पुरेसा वेळ आहे. तो वेळ माझ्या ‘बघते, कळवते’मध्ये निघून जाऊ नये, म्हणून आजच लिहितेय.

तुमच्या कामात काही कमी दिसलं म्हणून हा नकार आहे, असं कृपा करून समजू नका. अडचण माझ्या बाजूची आहे: तुमचं काम मी पुरेसं पाहिलेलंच नाही. तुमचा ईमेल आल्यावर मी त्या काळातला पत्रव्यवहार चाळून पाहिला. पायाभूत सर्वेक्षण चालू होतं तेव्हा तुम्ही डेटा टीममध्ये होतात, माझ्याकडे प्रश्नावली आणि सर्वेक्षकांचं प्रशिक्षण होतं. प्रकल्प एकच, पण कामं वेगळी आणि वरिष्ठही वेगळे. संयुक्त बैठकांत तुमच्या टीमच्या वतीने बहुतेक वेळा तुमच्या लीडच बोलायच्या. एका आढावा बैठकीत प्राथमिक तक्ते तुम्ही मांडलेत, ते मला आठवतं. नीट मांडलेत, प्रश्नांना गडबडून न जाता उत्तरं दिलीत.

आणि एक ईमेल आठवतो, तो तर मी शोधून पुन्हा वाचला. एका गटाकडून आलेल्या फॉर्ममध्ये वयं २५, ३०, ३५, ४० अशीच येताहेत, अधलीमधली जवळपास नाहीतच, हे तुम्ही कळवलं होतंत. नेमकं वय माहीत नसलं की माणसं शून्यावर किंवा पाचावर संपणारा आकडा सांगतात, हे आपल्या क्षेत्रात नवं नाही. पण तुम्ही नुसती शंका कळवून थांबला नव्हतात. २३ ते ६२ या वयांवरून व्हिपल निर्देशांक काढून सोबत जोडला होतात. हा निर्देशांक १०० असेल तर शून्य-पाचाची ओढ नाही आणि ५०० असेल तर सगळीच वयं शून्य-पाचाची, अशी एका ओळीची टीपही तुम्ही खाली दिली होतीत. त्यापुढचं वाक्य मला सगळ्यात आवडलं. शेजारच्या गटांत हा आकडा इतका वर गेलेला नाही, तेव्हा अडचण उत्तर देणाऱ्यांची नसून वय विचारण्याच्या पद्धतीची असावी, असं तुम्ही लिहिलं होतंत. त्यावरूनच आम्ही त्या सर्वेक्षकांचं प्रशिक्षण पुन्हा घेतलं. जन्मसाल, लग्नाचं वर्ष, पहिल्या मुलाचं वय असे प्रश्न विचारून वय कसं ताडून पाहायचं, हे नव्याने शिकवलं.

तुमच्याबद्दल खात्रीने सांगता येईल असं माझ्याकडे आहे ते एवढंच. ते चांगलं आहे, पण एका पत्राला पुरणारं नाही. ती विसंगती तुम्हाला स्वतःहून दिसली की टीममध्ये चर्चा होऊन तुमच्या वाट्याला लिहिण्याचं काम आलं, हे मला माहीत नाही. स्वतःच्या कोडमधली चूक सापडली की तुम्ही काय करता, कंटाळवाणं काम महिनोन्‌महिने कसं निभावता, नव्या माणसाला कसं सांभाळून घेता, यातलं काहीच मी पाहिलेलं नाही. शिफारसपत्रात नेमकं हेच विचारतात.

तुम्ही पाठवलेल्या लिंकवरचा फॉर्म मी उघडून पाहिला. पहिलाच प्रश्न आहे: अर्जदाराला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता? त्याखाली तक्ता. विश्लेषणाची क्षमता, लेखन, चिकाटी, इतरांबरोबर काम करण्याची हातोटी अशा प्रत्येक गोष्टीत अर्जदार वरच्या ५ टक्क्यांत बसतो, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत, ते सांगायचं. शेवटचा रकाना ‘मत देण्याइतकी माहिती नाही’ असा. प्रामाणिकपणे भरायचं तर माझ्या बहुतेक खुणा त्या शेवटच्या रकान्यात जातील. मग तो फॉर्म वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच येईल की या मुलाला याहून जवळून ओळखणारं कुणी मिळालं नाही का. तुमच्याबाबतीत ते खरं नाही, मग असा प्रश्न तरी का उठावा?

शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर असताना मी अशी पत्रं भरपूर वाचली आहेत. कोमट पत्र निरुपद्रवी असतं असं बाहेरून वाटतं, पण तसं ते नसतं. ‘कष्टाळू आहे, वेळेवर येतो, सगळ्यांशी चांगलं वागतो’ एवढ्यावर संपलेलं पत्र हातात आलं की समितीतला प्रत्येक जण न लिहिलेल्या गोष्टी शोधायला लागतो. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी २००३ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदांसाठी आलेली ३०० हून जास्त शिफारसपत्रं त्यांनी वाचली. स्त्री उमेदवारांची पत्रं सरासरीने आखूड होती, आणि त्यांत हातचं राखून केलेली स्तुती, शंका उत्पन्न करणारी वाक्यं जास्त होती. त्या पत्रांतली कितीतरी, लिहिणाऱ्याच्या मते, चांगल्या मनानेच लिहिलेली असणार. ते वाचल्यापासून मी एक पथ्य पाळते: ज्या माणसाबद्दल पानभर ठोस लिहिता येणार नाही, त्याच्यासाठी पत्र लिहायचं नाही.

‘मसुदा मी तयार करून पाठवतो, तुम्ही फक्त नजरेखालून घालून सही करा,’ असं तुम्ही लिहिलंय. माझा वेळ वाचावा म्हणूनच लिहिलंय, हे कळतं, आणि ही पद्धत सर्रास चालते हेही माहीत आहे. तरी मी ते करणार नाही. त्या पत्रातली प्रत्येक ओळ मी स्वतः पाहिली आहे असं वाचणारा धरून चालतो, आणि तो विश्वास मला मोडायचा नाही. शिवाय यात तुमचंही नुकसान आहे. स्वतःबद्दल लिहिताना माणूस संकोचतो नाहीतर ठोकळेबाज विशेषणांचा आधार घेतो. दुसऱ्याला त्याच्यात जे दिसलं, ते त्याला स्वतःला अनेकदा ठाऊकच नसतं.

विभागप्रमुखाच्या सहीला वजन असतं, असंही तुम्ही म्हटलंय. माझा अनुभव वेगळा आहे. पदनाम पाहून समिती क्षणभर थांबते आणि मग मजकूर वाचते. मजकुरात प्रसंग नसतील तर पदाचा काही उपयोग होत नाही. तुमच्या लीडनी तुमचा कोड रोज तपासला आहे. त्यांचं पद माझ्याहून लहान असेल, पण त्यांचं पत्र माझ्या पत्राच्या कितीतरी पुढे राहील. त्यांना आधी विचारा. पदवीला ज्यांनी तुम्हाला संख्याशास्त्र शिकवलं आणि ज्यांच्याकडे तुम्ही प्रकल्प केलात, त्यांचं नाव बायोडेटात दिसलं; दुसरं पत्र त्यांचं असावं. तिसऱ्यासाठी क्षेत्रीय पर्यवेक्षकांचा विचार करा. फेरतपासणीच्या वेळी तुम्ही त्यांच्याबरोबर गावोगाव फिरला होतात, असं तुम्हीच लिहिलंय.

विचारताना ‘पत्र द्याल का?’ असं विचारू नका. ‘माझ्या कामाबद्दल तपशिलात लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?’ असं विचारा. त्यामुळे समोरच्याला अवघड न वाटता नाही म्हणता येतं, आणि हो म्हणणारा मनापासून म्हणतो. त्यांनी होकार दिला की गुणपत्रक, एसओपी, अभ्यासक्रमांची नावं आणि प्रत्येकाची शेवटची तारीख एकाच ईमेलमध्ये पाठवा. सोबत, त्यांच्या हाताखाली केलेल्या कामातले तीन-चार प्रसंग तुमच्या शब्दांत टिपून द्या. हा पत्राचा मसुदा नव्हे. त्यांना आठवायला मदत, एवढंच. अमेरिकेतल्या अर्जांत आणखी एक प्रश्न येईल: पत्र पुढे पाहण्याचा हक्क सोडता का? तिथल्या १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क दिलेला आहे. बहुतेक अर्जदार तो सोडतात, कारण मग पत्र मोकळेपणाने लिहिलं गेलंय असा भरवसा वाचणाऱ्याला वाटतो. निर्णय मात्र तुमचा.

माझ्याकडून होण्यासारखं जे आहे, ते मी आनंदाने करेन. वयांबद्दलचा तुमचा तो ईमेल आणि त्यानंतर प्रशिक्षणात आम्ही काय बदललं याची टीप मी तुमच्या लीडना पाठवते. त्या घटनेची त्यांच्या बाजूची हकिगत त्यांना माहीत असेलच. तुमच्या निरीक्षणाचा पुढे प्रत्यक्ष उपयोग झाला, हे त्यांना पत्रात माझा हवाला देऊन लिहिता येईल. तुम्ही प्रकल्पावर कोणत्या काळात आणि कोणत्या पदावर होतात याचं पत्र कुठल्या विद्यापीठाने मागितलं, तर कार्यालयीन नोंदी पाहून ते लेटरहेडवर देईन. त्यात शिफारस नसेल, फक्त नोंदी असतील.

आणि एसओपी माझ्याकडे जरूर पाठवा. ती वाचायला तुमच्याबरोबर काम केलेलं असण्याची गरज नाही, आणि तिथे माझा खरोखर उपयोग होईल. शून्य-पाचाच्या वयांची गोष्ट त्यात आहे का, हे मी आधी पाहीन. नसेल तर घाला. ‘मला लहानपणापासून गणिताची आवड’ या सुरुवातीपेक्षा ती पुष्कळ बोलकी आहे.

पोर्टलवर माझं नाव आधीच टाकलं असेल तर काढून दुसरं टाका. अर्ज पूर्ण सादर होण्याआधी बहुतेक ठिकाणी तसं करता येतं. माझ्याकडे लिंक आली तर मी ती भरणार नाही, म्हणून हे आठवणीने करा. तुमच्या लीडशी बोलणं झालं की मला एका ओळीचा ईमेल टाका, म्हणजे त्या दिवशीच मी त्यांना ती कागदपत्रं पाठवते.

स्नेहपूर्वक,
अनुराधा