बारावी सायन्स आणि कॉमर्स: पहिल्या घटक चाचणीचं बदललेलं वेळापत्रक (20 ऑगस्ट 2025, संध्याकाळ)

मुलांनो, सगळ्यांनी हा मेसेज शेवटपर्यंत वाचा, अर्धा वाचून "मॅडम उद्या कुठला पेपर" असं ग्रुपवर विचारू नका कारण मग खालचे मेसेज वर जातात आणि ज्याला खरंच अडचण आहे त्याचा मेसेज राहून जातो.

आधी कुठले पेपर राहिलेत ते सांगते. सोमवारी 18 ला सायन्सचा इंग्लिशचा पेपर सकाळी झाला, पण दुपारच्या सत्राला पालिकेने सुट्टी दिली आणि कॉमर्सची मुलं गेटपर्यंत येऊन भिजत परत गेली, म्हणजे कॉमर्सचं इंग्लिश राहिलं. मग मंगळवारी 19 ला पूर्ण मुंबईत शाळा कॉलेजं बंद, त्यात सायन्सचं फिजिक्स आणि कॉमर्सचं बीके गेलं. आज 20 ला कॉलेज उघडलं पण काल हार्बर बंद होती, मिठीचं पाणी कुर्ल्यात घरांपर्यंत आलेलं, क्रांतीनगरमधून लोकांना हलवावं लागलं आणि आपली बरीच मुलं त्याच भागातली आहेत, म्हणून आजचे केमिस्ट्री आणि इको पण घेतले नाहीत. घरातलं पाणी उपसून रात्रभर जागलेल्या मुलाला सकाळी आठला बसवून केमिस्ट्रीचा पेपर घ्यायचा हे मला तरी पटलं नाही आणि प्राचार्य सरांनाही नाही.

आता नवीन तारखा. 21, 22, 23 चे पेपर जसे होते तसेच आहेत, त्यांना हात लावलेला नाही. कारण तुम्ही त्या क्रमाने अभ्यास करून बसलाय, सगळंच पुढे ढकललं असतं तर केलेला अभ्यासही विस्कटला असता. फक्त राहिलेले तीन दिवस गणपतीनंतर घेतोय.

सायन्स, सकाळी 8 ते 9:
गुरुवार 21 ऑगस्ट – मॅथ्स
शुक्रवार 22 ऑगस्ट – बायोलॉजी
शनिवार 23 ऑगस्ट – मराठी / हिंदी / आयटी
मंगळवार 9 सप्टेंबर – फिजिक्स
बुधवार 10 सप्टेंबर – केमिस्ट्री

कॉमर्स, दुपारी 1 ते 2:
गुरुवार 21 ऑगस्ट – ओसी
शुक्रवार 22 ऑगस्ट – एसपी / मॅथ्स
शनिवार 23 ऑगस्ट – मराठी / हिंदी / आयटी
मंगळवार 9 सप्टेंबर – बीके
बुधवार 10 सप्टेंबर – इको
गुरुवार 11 सप्टेंबर – इंग्लिश

सायन्सच्या ज्या मुलांना सोमवारी सकाळी पाण्यामुळे पोचता आलं नाही त्यांचं इंग्लिश पण 11 सप्टेंबरलाच, दुपारी 1 वाजता, कॉमर्सच्या मुलांबरोबर. सोमवारी जे गैरहजर होते त्यांची यादी माझ्याकडे आहे, वेगळा अर्ज वगैरे काही नको, सरळ या. आणि ज्यांनी सोमवारी पेपर दिलाय त्यांचा तो पेपर पक्का, "अवघड गेला परत देऊ का" असं विचारू नका, नाही देता येणार.

बऱ्याच जणांनी आजच विचारलं की सोमवार 25 आणि मंगळवार 26 मोकळे असताना पेपर तेव्हाच का नाही उरकत. 27 ला गणपती आहेत, 26 ला हरतालिका, आणि आपल्याकडे अर्ध्या वर्गाची रत्नागिरी सिंधुदुर्गची तिकीटं 23 रात्री किंवा 24 ची आहेत. ही तिकीटं लोकांनी महिनोन् महिने आधी, रात्री जागून काढलेली असतात, ती कॅन्सल करा असं मी कुणाच्या आईवडिलांना सांगणार नाही. 25, 26 ला कॉलेज चालू आहे, जे मुंबईत आहेत त्यांनी या, फिजिक्स आणि बीकेचे सर डाऊट घेतील, हजेरीची सक्ती नाही.

आणि सुट्टीनंतर लगेच का नाही, तर 2 सप्टेंबरला गौरी विसर्जन, 3 ला कॉलेज उघडेल पण गावाहून परतणारी मुलं त्या दिवशी गाडीतच असतात. 5 ला ईदची सुट्टी, 6 ला अनंत चतुर्दशी. 8 तारखेचा सोमवार मी मुद्दाम मोकळा ठेवलाय, कारण ईद आणि विसर्जन जवळ आले की ईदची सुट्टी पुढे नेतात हे आपण बघितलंय, 2023 मध्ये ती 28 सप्टेंबरची 29 ला झाली आणि 2024 मध्ये मुंबईत 16 ची 18 ला. यंदाही तसं काही झालं तर आपलं वेळापत्रक परत हलायला नको. म्हणून 9 पासून. 8 ला सुट्टी नसेल तर नेहमीचे तास होतील.

आता पाऊस परत आला तर काय. आज ओसरलाय पण भरवसा नाही. उद्या, परवा किंवा शनिवारी सरकारने किंवा पालिकेने सुट्टी जाहीर केली तर 21 चा पेपर 12 सप्टेंबरला, 22 चा 13 ला, आणि 23 चा सोमवारी 15 सप्टेंबरला, वेळ तीच. 9, 10, 11 पैकी एखादा दिवस गेला तर तो अनुक्रमे 16, 17, 18 ला. बाकीचे पेपर आपापल्या जागीच राहतील, एक हलला म्हणून सगळे हलणार नाहीत, हे लिहूनच ठेवा.

सुट्टी आहे की नाही हे फक्त या ग्रुपवर माझ्याकडून किंवा तुमच्या वर्गशिक्षकांकडून आलेल्या मेसेजवर ठरवा. सायन्ससाठी पहाटे साडेपाचपर्यंत आणि कॉमर्ससाठी सकाळी दहापर्यंत सांगेन, त्या वेळेपर्यंत मेसेज आला नाही तर पेपर आहे असं समजून घरातून निघा. त्यानंतर सोमवारसारखी सुट्टी लागलीच तर कळल्या मिनिटाला टाकेन, जे वाटेत असतील ते परत फिरा. कॉलेजला पोचलेल्यांना पाऊस कमी होईपर्यंत हॉलमध्ये बसता येईल, कुणालाही गेटवरून परत पाठवणार नाही. दोन तीन वर्षांपूर्वीचं सुट्टीचं पत्रक तारीख न बघता फॉरवर्ड होतं आणि मुलं घरी बसतात, असं काही आलं तर आधी वरची तारीख वाचा, मग मला पाठवा, पुढे पाठवू नका.

सुट्टी जाहीर नाही पण तुमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी आहे किंवा लोकल बंद आहे, तर जीव धोक्यात घालून निघायचं नाही. रुळावरून चालत येणं, उघड्या गटाराजवळून पाण्यातून येणं, हे अजिबात नाही. पेपर सुरू व्हायच्या आधी वर्गशिक्षकांना एक मेसेज टाका, जमलं तर आईवडिलांच्या फोनवरून, आणि 21 चा बुडाला तर 12 ला, 22 चा बुडाला तर 13 ला, 23 चा बुडाला तर 15 ला या. डॉक्टरचं सर्टिफिकेट, पाण्याचा फोटो, काही मागणार नाही. पण मेसेज न टाकता गैरहजर राहिलात तर मात्र शून्य लागेल.

ज्यांचं गावचं तिकीट 22 च्या रात्रीचं किंवा 23 च्या दिवसाचं आहे त्यांनी उद्या 21 ला पेपर संपल्यावर पालकांच्या सहीचा साधा अर्ज आणि तिकिटाची झेरॉक्स ऑफिसमध्ये द्या, शनिवारचा पेपर 15 सप्टेंबरला घेऊ. ही सवलत फक्त त्या एका पेपरला आहे. 9 ते 11 सप्टेंबरला "अजून गावी आहे" चालणार नाही, परतीचं तिकीट त्या हिशोबाने बघा, आठ तारखेपर्यंत मुंबईत या.

उद्यापासून शनिवारपर्यंत गाड्यांचा काही नेम नाही म्हणून पेपर सुरू झाल्यावर अर्धा तास उशीर झाला तरी आत घेऊ आणि पूर्ण एक तास देऊ, त्यामुळे धावत पळत जिने चढू नका. सप्टेंबरमध्ये मात्र नेहमीचा नियम, दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर नाही. बैठक क्रमांक तेच आहेत. खोल्या बदलल्यात, तळमजल्यावर अजून ओल आहे आणि एका खोलीचे बाक खराब झालेत, त्यामुळे 3 आणि 4 नंबरच्या खोलीतले सगळे आता दुसऱ्या मजल्यावर 21 आणि 22 नंबरच्या खोलीत बसतील. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांनी गेटवर शिपाई काकांना सांगा, लायब्ररीत बसवू.

आयकार्ड आणा. भिजून गेलं असेल, हरवलं असेल तर आधारची झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो ऑफिसला दाखवा, चिठ्ठी मिळेल, दंड नाही. मोबाईल बंद करून बॅगेत, बॅग वर्गाबाहेर, स्मार्टवॉच पण बाहेर. कॅल्क्युलेटर कुठल्याच पेपरला नाही. युनिफॉर्म ओला असेल तर साधे कपडे चालतील.

सिलॅबस वाढलेला नाही. 16 ऑगस्टच्या आधी जे धडे चाचणीसाठी सांगितले होते तेवढेच, मध्ये जे शिकवलं जाईल ते फिजिक्स, केमिस्ट्री, बीके किंवा इकोला येणार नाही. या चार पेपरांची पाकिटं फोडलेली नाहीत, ती सीलबंद आहेत आणि तीच वापरू. इंग्लिशचा पेपर मात्र सोमवारी सायन्सच्या मुलांच्या हातात पडला, तेव्हा 11 तारखेला तो येणार नाही, नवीन सेट काढलाय, जुना पाठ करून येऊ नका.

काही जणांनी म्हटलं की ही चाचणीच रद्द करा, बोर्डात तर हे मार्क धरत नाहीत. बरोबर आहे, धरत नाहीत. पण 2025 ची बोर्डाची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली होती, तुमच्याही हातात मोजकेच महिने उरलेत आणि 25 मार्कांच्या या पेपरातच कळतं की कुणाला वेळ पुरत नाही, कुणाची बीकेची एंट्री कुठे चुकते, कुणी डेरिव्हेशन अर्ध्यात सोडतंय. ते मला आत्ता कळायला हवं, डिसेंबरात कळून उपयोग नाही. म्हणून रद्द नाही. तपासलेले पेपर सगळ्यांना 20 सप्टेंबरला वर्गात मिळतील, पुढे ढकललेल्यांसकट.

आता ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यासाठी, आणि हे मी सगळ्यात महत्त्वाचं समजते. तुमची पुस्तकं, वह्या, जर्नल गेली असतील तर लाजू नका आणि गप्प बसू नका. ग्रुपवर लिहायचं नसेल तर मला वेगळा मेसेज करा, नाव बाहेर जाणार नाही. लायब्ररीतून पाठ्यपुस्तकांचा पूर्ण सेट मार्चपर्यंत मिळेल, डिपॉझिट नाही. भिजलेली प्रॅक्टिकल जर्नल परत पूर्ण लिहायची नाहीत, सरांशी बोलून झालंय, झालेल्या प्रॅक्टिकलवर ते सही करतील. घरी बसायला जागा नसेल, लाईट नसेल तर उद्यापासून शनिवारपर्यंत लायब्ररी सकाळी 7 ते संध्याकाळी 7 उघडी आहे, चहा बिस्किटाची सोय केलीय. आणि बाकीच्यांनो, आपल्या बाकावरच्या मित्राकडे वही आहे का हे आज रात्री फोन करून विचारा, नसेल तर आपल्या नोट्सचे फोटो नीट उजेडात काढून पाठवा.

हे वेळापत्रक उद्या सकाळी नोटीस बोर्डवरही लागेल. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा भिजून बंद पडलाय अशी मुलं तुमच्या आसपास असतील तर त्यांना आजच सांगा, निदान उद्याचा पेपर आहे एवढं तरी. शंका असतील तर आज रात्री दहापर्यंत विचारा, मी उत्तर देतेय.

– परीक्षा प्रमुख, ज्युनिअर कॉलेज