मानपत्र: ‘उशीरभूषण’ पुरस्कार (तहहयात)

॥ श्री गणेशाय नमः ॥
(गणपतीसुद्धा वेळेवर येतो रे.)

फडके रोडवरच्या आपल्या कट्ट्यातर्फे, दिवाळीच्या शुभमुहूर्तावर, म्हणजे मुहूर्त टळून गेल्यावर,

चि. सुमेध उर्फ सुम्या
(रा. डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत सात मिनिटं, तरीही)

यास हे मानपत्र अत्यंत गंभीरपणे देण्यात येत आहे.

हे कालजयी मित्रा,

१९०६ साली देशाची एक प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही म्हणतात, आणि आमची खात्री आहे की ती बंद झाली तेव्हा कुणीतरी गुपचूप तुमच्या घरी आणून ठेवली, कारण तू आजही तीच पाळतोस, वर ट्रॅफिकचे वेगळे लावतोस.

तुझं ‘निघालोय रे, पाच मिनिटांत पोचतो’ हे वाक्य ऐकताना मागे बादली भरत असल्याचा आवाज स्पष्ट येतो. ‘फोन लागला नाही कारण लिफ्टमध्ये होतो’ असंही तू सांगितलंस. तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.

आम्ही हुशारी करून तुला तासभर आधीची वेळ सांगायला लागलो, तर तू ते आठवड्याभरात ओळखलंस, तो तास वजा केलास आणि वर आपला नेहमीचा पाऊण तास लावलास, म्हणजे एवढं गणित तुला बारावीत जमलं असतं तर काकांचे क्लासचे पैसे तरी वाचले असते.

दिवाळीच्या पहाटे अख्खी डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर असते आणि तू येतोस तेव्हा रांगोळ्या पुसलेल्या, पोरं घरी झोपलेली, आणि तू कडक इस्त्रीचा कुर्ता घालून विचारतोस, ‘सुरू व्हायचंय का अजून?’

आणि मंद्याचं लग्न! मंगलाष्टकं संपली, हार घातले, पंगत उठली, मग तू आलास आणि मुठीतल्या अक्षता वाया नको म्हणून आइस्क्रीमच्या काउंटरवर उभ्या नवऱ्यामुलावर टाकल्यास. व्हिडिओवाल्याने ते शूट केलंय, वहिनी अजून दाखवते सगळ्यांना.

सबब, तुझ्या या अखंड, निःस्वार्थ आणि निर्लज्ज साधनेची दखल घेऊन हा पुरस्कार तुला देत आहोत. सोबत शाल (माझ्या आईची, परत पाहिजे), श्रीफळ, आणि एक घड्याळ जे आम्हीच चाळीस मिनिटं पुढे करून ठेवलंय, हे तुला सांगायला नको होतं.

अट एकच. एकदा जरी वेळेवर आलास तर पुरस्कार रद्द आणि सगळ्यांना मिसळ तुझ्याकडून.

सह्या:
पिंट्या (अध्यक्ष, कारण लवकर आला)
मंद्या (नवरामुलगा)
राजू (खजिनदार, इंटरव्हलनंतर आलास त्या पिक्चरच्या तिकिटाचे २२० रुपये अजून येणे आहेत, जीपे कर)