पाचवीचं गणित वर्कशीट: अपूर्णांक आणि दशांश (शनिवार-रविवारसाठी)

मुलांनो, वही काढा, उजव्या बाजूला कच्च्या कामाची रेघ मारा आणि पेन्सिलीने सोडवा. एकूण ४० मार्कांचं आहे पण मी आधीच सांगते, नुसतं उत्तर लिहिलं तर एकच मार्क, बाकीचे सगळे मार्क स्टेप्सना आहेत. उत्तर चुकलं आणि स्टेप्स बरोबर असल्या तरी मार्क मिळतील, कारण मग कुठे गडबड झाली ते मला दिसतं आणि सोमवारी आपल्याला तेवढंच नीट करता येतं.

आईबाबांना विनंती, उत्तरं शेवटी दिलीत, ती आधी दाखवू नका. पोरगं अडलं तर "छेद काय सांगतोय?" एवढंच विचारा आणि थोडं थांबा.

आधी एक गोष्ट पक्की करू

३/४ मध्ये खालचा ४ म्हणजे छेद, तो सांगतो की एका भाकरीचे ४ सारखे तुकडे केले. वरचा ३ म्हणजे अंश, तो सांगतो त्यातले ३ घेतले. छेद जेवढा मोठा तेवढा तुकडा बारीक. भाकरी तीच, खाणारे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं ना, तसंच. हे डोक्यात बसलं की खालची निम्मी वर्कशीट सोपी जाते.

भाग १: सोपं रूप (८ मार्क)

सोडवलेलं उदाहरण: १८/२४

स्टेप १: दोन्ही सम संख्या, म्हणून २ ने भाग. १८ ÷ २ = ९, २४ ÷ २ = १२. झालं ९/१२.
स्टेप २: ९ आणि १२ दोन्ही ३ च्या पाढ्यात. ९ ÷ ३ = ३, १२ ÷ ३ = ४. झालं ३/४.
स्टेप ३: ३ आणि ४ ला १ सोडून कोणीच दोघांना भागत नाही, म्हणून इथे थांबायचं.

ज्याला एकदम ६ सुचला त्याने एकाच स्टेपमध्ये केलं तरी चालेल, दोन्ही रस्ते ३/४ लाच येतात. फक्त अंशाला ज्याने भागलं त्यानेच छेदाला भागायचं, हा एक नियम मोडायचा नाही.

आता तुम्ही करा: १) ८/१२ २) १५/२५ ३) १४/२१ ४) ३६/४८ ५) २७/४५ ६) १६/२७ ७) ४५/१०० ८) १३/५२

यातला एक अपूर्णांक आधीच सोप्या रूपात आहे, त्याच्यापुढे "आधीच सोपा" लिहा आणि का ते पण एका ओळीत लिहा. आणि दोन जोड्या अशा आहेत की दिसायला वेगळ्या पण सोपं रूप सारखंच, त्या शोधून गोल करा.

चूक शोधा (४ मार्क)

एका मुलाने १६/६४ मध्ये वरचा ६ आणि खालचा ६ खोडला आणि १/४ लिहिलं. आता गंमत अशी की उत्तर बरोबर आहे! १६ ने दोघांना भागा, खरंच १/४ येतं. म्हणून त्याला वाटलं पद्धत पण बरोबर. मग त्याने १५/५४ मध्ये पण दोन्ही ५ खोडले आणि परत १/४ लिहिलं.

१५/५४ चं खरं सोपं रूप काढा आणि त्या मुलाला समजावल्यासारखं दोन ओळींत लिहा की आकडा खोडणं आणि भागणं यात फरक काय. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, घाई करू नका.

भाग २: कोण मोठं? (१० मार्क)

तीन प्रकार येतात.

छेद सारखे असतील तर तुकडे एकाच मापाचे, मग ज्याचे जास्त तुकडे तो मोठा. ५/८ हा ३/८ पेक्षा मोठा.

अंश सारखे असतील तर तुकड्यांची संख्या तीच, म्हणून ज्याचा तुकडा जाड तो मोठा. ३/७ आणि ३/१० मध्ये ३/७ मोठा. इथे बरीच मुलं १० बघून फसतात, मागच्या चाचणीत पण हेच झालेलं.

दोन्ही वेगळे असतील तर समछेद करायचे. उदाहरण: ३/५ आणि ५/८

स्टेप १: ५ आणि ८ दोघांच्या पाढ्यात येणारी सगळ्यात लहान संख्या, ४०.
स्टेप २: ३/५ ला वर-खाली ८ ने गुणा, २४/४०.
स्टेप ३: ५/८ ला वर-खाली ५ ने गुणा, २५/४०.
स्टेप ४: २४ पेक्षा २५ मोठे, म्हणून ५/८ मोठा. फरक फक्त ४० तल्या एका तुकड्याचा, अंदाजाने सांगायला गेलो असतो तर चुकलो असतो.

आता >, < किंवा = लावून जोड्या वहीत लिहा: १) ४/९ आणि ७/९ २) ५/६ आणि ५/११ ३) २/३ आणि ३/४ ४) ७/१० आणि २/३ ५) ६/८ आणि ९/१२
६) चढत्या क्रमाने लावा: १/२, २/५, ७/१०, ३/४
७) ७/८ आणि ८/९ मध्ये मोठा कोण? समछेद न करता विचार करून बघा. हिंट: पूर्ण भाकरी व्हायला प्रत्येकाला किती तुकडा कमी पडतोय?

भाग ३: दशांश (१० मार्क)

दशांश म्हणजे पण अपूर्णांकच, फक्त छेद १०, १०० असे ठरलेले असतात. टिंबानंतरचं पहिलं घर दशांशाचं, दुसरं शतांशाचं. ०.७ म्हणजे ७/१० आणि ०.०७ म्हणजे ७/१००, मधल्या शून्याने केवढा फरक पडला बघा.

०.४५ आणि ०.५ मध्ये मोठं कोण? ४५ मोठे ५ लहान म्हणून ०.४५ मोठं, असं अर्धा वर्ग म्हणतो. थांबा. ०.५ च्या मागे एक शून्य लावा, ०.५० झालं, किंमत तीच. आता ४५ शतांश आणि ५० शतांश, म्हणजे ०.५ मोठं. मीटरपट्टी असेल तर ४५ सेंमी आणि ५० सेंमीवर बोट ठेवून बघा.

जोड्यांत चिन्ह लावा: १) ०.७ आणि ०.६८ २) २.०५ आणि २.५ ३) ३.४० आणि ३.४ ४) ०.०९ आणि ०.१ ५) १०.१ आणि ९.९९

आता रूप बदला. ३/४ चा दशांश कसा? छेद १०० करायचा, ४ ला २५ ने गुणलं की १००, म्हणून वर पण २५ ने गुणा, ७५/१००, म्हणजे ०.७५.

६) २/५ दशांशात ७) ७/१०० दशांशात ८) ०.६ सोप्या अपूर्णांकात ९) ०.०८ सोप्या अपूर्णांकात
१०) पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे आठ शब्द घ्या आणि प्रत्येकाचा दशांश लिहा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, दिडकी विचारा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेत, तुम्हाला ऐकवतील.

भाग ४: शाब्दिक उदाहरणं (८ मार्क)

उदाहरण दोनदा वाचा, काय दिलंय आणि काय विचारलंय ते लिहा, मगच आकड्यांना हात लावा.

सोडवलेलं पहिलं: बाबांनी बाजारातून पाऊण किलो कांदे, अर्धा किलो बटाटे आणि पाव किलो मिरच्या आणल्या. पिशवीत एकूण किती वजन?

दिलंय: ३/४, १/२, १/४ किलो. विचारलंय: एकूण.
समछेद ४ घेऊ: ३/४ + २/४ + १/४ = ६/४
सोपं रूप: ६/४ = ३/२ = १ पूर्ण १/२
उत्तर: पिशवीत दीड किलो, म्हणजे १.५ किलो भाजी आहे.

सोडवलेलं दुसरं: ताग्यात १० मीटर कापड. परकराला ३.२५ मी आणि पोलक्याला ०.८ मी लागलं. किती उरलं?

आधी बेरीज: टिंबाखाली टिंब. ०.८ ला ०.८० लिहा. ३.२५ + ०.८० = ४.०५ मी. जो ८ ला ५ च्या खाली लिहितो त्याचं ३.३३ येतं, आणि खरं शिवायला बसलं तर पोलकं अपुरं पडेल.
मग वजाबाकी: १०.०० − ४.०५ = ५.९५ मी.
उत्तर: ५.९५ मीटर कापड उरलं.

आता तुमची:

१) डब्याचा ५/६ भाग पिठाने भरलेला होता. भाकऱ्यांना डब्याचा १/३ भाग पीठ लागलं. आता डबा किती भरलेला आहे?

२) शाळा घरापासून ४.५ किमी. एसटीने ३.७५ किमी गेलो, बाकी चाललो. किती चाललो? उत्तर मराठी शब्दात पण सांगा.

३) आंब्याच्या पेटीत ४ डझन आंबे. १/४ पिकलेले, ३/८ कच्चे, बाकीचे डाग पडलेले. डागी आंबे किती आणि पेटीचा कितवा भाग?

४) ताईने एका पुस्तकाची २/५ पानं वाचली, दादाने त्याच पुस्तकाची ३/८. जास्त कोणी वाचलं? (पुस्तक तेच आहे म्हणून तुलना करता येते, एक जाडजूड आणि एक पातळ असतं तर नसती आली.)

५) लांब उडीत तिघींच्या उड्या २.६५ मी, २.७ मी आणि २.०९ मी. क्रम लावा, पहिल्या आणि शेवटच्या उडीतला फरक काढा.

६) घरी रोज १.५ लिटर दूध येतं. आठवड्याला किती? लिटरला ६० रुपये भाव धरला तर किती पैसे?

७) आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, त्याआधी रुपयात १६ आणे असायचे. आजी अजून "बारा आणे" म्हणते. बारा आणे म्हणजे रुपयाचा कितवा भाग आणि आजच्या हिशोबात किती पैसे?

८) घरात दोन दिवस कान देऊन ऐका, कोणी पाव, सव्वा, दीड म्हणालं की ते वाक्य लिहून घ्या आणि त्यावरून स्वतःचं एक उदाहरण बनवून सोडवा.

उत्तरं (सोडवून झाल्यावरच बघा)

भाग १: २/३, ३/५, २/३, ३/४, ३/५, आधीच सोपा, ९/२०, १/४. सारख्या जोड्या: पहिला-तिसरा, दुसरा-पाचवा. १६ ला फक्त २ च्या पटीतले भागतात आणि २७ ला ३ च्या, म्हणून १६/२७ पुढे जात नाही.
चूक शोधा: १५ ÷ ३ = ५, ५४ ÷ ३ = १८, म्हणजे ५/१८. १६ मधला ६ हा नुसता एककाचा आकडा आहे, ६ ने १६ ला भाग जातच नाही.
भाग २: <, >, <, >, =. क्रम: २/५, १/२, ७/१०, ३/४ (विसाव्यात ८, १०, १४, १५). सातवा: ८/९ मोठा, कारण त्याला १/९ कमी पडतो आणि ७/८ ला १/८, जो त्याहून मोठा आहे.
भाग ३: >, <, =, <, >. मग ०.४, ०.०७, ३/५, २/२५. शब्द: ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५, १.७५, २.५, ३.५.
भाग ४: १) ५/६ − २/६ = ३/६ = १/२, डबा अर्धा. २) ०.७५ किमी, पाऊण किलोमीटर. ३) ४८ पैकी १२ पिकलेले, १८ कच्चे, उरले १८, म्हणजे ३/८. ४) १६/४० आणि १५/४०, ताईने जास्त. ५) २.७, २.६५, २.०९, फरक ०.६१ मी. ६) १०.५ लिटर, ६३० रुपये. ७) १२/१६ = ३/४, ७५ पैसे. ८) हे उत्तर तुमच्या वहीत असेल, सोमवारी फळ्यावर घेऊ, तुमचं उदाहरण शेजारच्याने सोडवायचं.