ॲजिटेशनचा रुग्ण इमर्जन्सीत आला तर: मानसोपचार विभागाची संक्षिप्त मार्गदर्शिका

(रात्रपाळीचे निवासी डॉक्टर, सिस्टर-ब्रदर आणि सुरक्षा कर्मचारी यांच्यासाठी. सर्व मात्रा सुदृढ प्रौढ रुग्णाच्या आहेत.)

उद्दिष्ट रुग्णाला शांत करण्याचे आहे, झोपवण्याचे नाही. गाढ झोपलेल्या रुग्णाची ना हिस्टरी मिळते, ना तपासणी होते. त्याचा श्वास मात्र आपल्याला मोजत बसावा लागतो.

आधी कारण

ग्लुकोमीटर, ऑक्सिजन, ताप, नाडी, बीपी. रुग्ण हात लावू देत नसेल तर निदान लांबून त्याचा श्वास, घाम, चालणे आणि बोलणे पाहा. पहिल्यांदाच आणि अचानक सुरू झालेला त्रास, वय जास्त, तारीख-वार-जागेचे भान नाही, किंवा भान खालीवर होते आहे, असे असेल तर सिद्ध होईपर्यंत ते डेलिरियमच समजा. साखर ४० असलेल्या रुग्णाला हॅलोपेरिडॉल देणे हा उपचार नव्हे.

बोलणे

ही पायरी वेळखाऊ वाटते म्हणून सर्वाधिक वगळली जाते. प्रत्यक्षात पाच-दहा मिनिटांत बऱ्याचदा काम होते, आणि धरून-बांधून इंजेक्शन द्यायला माणसे व वेळ दोन्ही जास्त लागतात. प्रोजेक्ट बीटा या २०१२ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांतही संवादालाच पहिले स्थान आहे.

दोन हातांचे अंतर ठेवा. दरवाजा तुम्हालाही मोकळा असावा आणि रुग्णालाही. कोंडल्यासारखे वाटले की माणूस अंगावर येतो. बोलणारा एकच. बाकीचे दिसतील इतक्या जवळ, पण गप्प. उदाहरणार्थ, तीन रात्री न झोपलेला तरुण भावावर ओरडत येरझाऱ्या घालतो आहे. आधी भावाला बाहेर बसवा. मग: "दादा, मी इथला डॉक्टर. तुम्हाला इथे कोणी काही करणार नाही. पाणी देऊ? बसून बोलायचं की उभ्यानेच?" छोटी वाक्ये, मग थांबा. "ते माझ्या मागावर आहेत" यावर वाद घालू नका, होकारही देऊ नका. "असं वाटत असेल तर झोप कशी लागणार" एवढे पुरते. मर्यादा मात्र स्पष्ट सांगा: "ओरडलात तरी मी ऐकेन, पण हात उगारायचा नाही." "शांत व्हा" म्हणून कोणी शांत झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तोंडावाटे औषध

बोलणे सुरू असतानाच विचारा, आणि निवड रुग्णाला करू द्या: "गोळी घेता की जिभेवर विरघळणारी?" लोराझेपाम १-२ मिग्रॅ, सायकोसिस किंवा मेनिया दिसत असेल तर ओलान्झापिन ५-१० किंवा रिस्पेरिडोन २ मिग्रॅ. रुग्ण आधीपासून एखादे औषध घेत असेल आणि ते त्याला मानवत असेल तर तेच द्या. विरघळणाऱ्या गोळीचा फायदा एवढाच की ती गालात लपवता येत नाही. तिचा असर लवकर होत नाही. तासभर धीर धरा. वीस मिनिटांत "गोळी लागू पडली नाही" म्हणून सिरिंज भरू नका.

इंजेक्शन

गोळी नाकारली आणि रुग्णाला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका समोर आहे, तेव्हाच. नुसत्या आरडाओरड्यासाठी नाही. आमची पहिली पसंती हॅलोपेरिडॉल ५ मिग्रॅ अधिक प्रोमेथाझिन २५-५० मिग्रॅ, स्नायूत. रिओ आणि वेल्लोर येथील ट्रेक चाचण्यांचा याला आधार आहे. हॅलोपेरिडॉल एकटे देऊ नये: रिओच्या चाचणीत त्या गटात मान-जबडा आखडण्याचे प्रमाण जास्त होते. ओलान्झापिन १० मिग्रॅने रुग्ण तितक्याच लवकर शांत होतो, पण वेल्लोरमध्ये पुन्हा औषध द्यावे लागण्याचे प्रमाण त्यात अधिक दिसले.

ईसीजी झालेला नाही, हृदयविकार आहे किंवा निदानच कळत नाही, तर लोराझेपाम १-२ मिग्रॅ. दारूच्या विथड्रॉवलमध्येही बेंझोडायझेपिनच. दारू अजून चढलेली असेल तर मात्र ते टाळा, श्वास मंदावतो. तिथे हॅलोपेरिडॉल बरे. पार्किन्सन्स किंवा लेवी बॉडी डिमेन्शियात हॅलोपेरिडॉल नको. वृद्धांना निम्मी किंवा त्याहून कमी मात्रा.

ओलान्झापिनचे इंजेक्शन आणि बेंझोडायझेपिनचे इंजेक्शन एकत्र कधीच नाही. मध्ये किमान एक तास जाऊ द्या. डायझेपाम स्नायूत देऊ नका, ते बेभरवशाने शोषले जाते. केटामाइन फक्त श्वासमार्ग सांभाळणारी टीम आणि मॉनिटर हाताशी असेल तेव्हा, सीनियरला विचारून.

नंतर

धरावे लागलेच तर उताणे किंवा कुशीवर, पालथे नाही. छाती-मानेवर भार नाही. नाडी, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन आणि शुद्ध दर १५ मिनिटांनी पहिला तास, मग रुग्ण चालता-बोलता होईपर्यंत तासाला. श्वास मिनिटाला १० च्या खाली गेला तर ऑक्सिजन लावून ॲनेस्थेशियाला बोलवा. मान वाकडी किंवा डोळे वर गेले तर ते नाटक नव्हे, डिस्टोनिया आहे: प्रोमेथाझिन द्या. ताप, ताठरपणा आणि घाम एकत्र दिसले तर अँटिसायकोटिक थांबवून सीके पाठवा.

केसपेपरवर औषध, मात्रा, वेळ, आधी काय बोलून पाहिले आणि गोळी कोणी, किती वाजता देऊ केली, हे लिहा. रुग्ण सावरल्यावर काय झाले आणि का, हे त्याला त्याच पाळीच्या डॉक्टरने सांगावे आणि पुढच्या वेळी कोणते औषध चालेल ते विचारून नोंदवावे.