कापूस ओलावा मापकाच्या लोकार्पणाचे भाषण : सुधारित मसुदा

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. तुमचा सात पानांचा मसुदा मी मोठ्याने वाचून पाहिला. सावकाश वाचल्यास त्याला अठरा मिनिटे लागतात आणि त्यातली पहिली अकरा मिनिटे कंपनीच्या वाटचालीवर खर्च होतात. नागपूरचे कॉलेज, बँकेने नाकारलेले कर्ज, टिनाच्या शेडमधली पहिली कार्यशाळा आणि स्पर्धेतले पारितोषिक या साऱ्यांचा मला अभिमान आहे, कारण ते दिवस मी जवळून पाहिले आहेत. पण ग्रामपंचायतीसमोर सतरंजीवर जो माणूस येऊन बसेल, तो दिवसभर वावरात राबून आलेला असेल. घरात कापसाची गंजी लागलेली, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आणि खेडा खरेदीवाला रोज दारात, अशा स्थितीत हे यंत्र आपल्या काय कामाचे, एवढेच त्याला ऐकायचे असते. म्हणून तो सगळा भाग मी काढला आहे. मामंजींचा कापूस केंद्रावरून परत आला होता, ती एकच गोष्ट ठेवली, कारण ती समोरच्या प्रत्येकाच्या घरी घडलेली आहे.

पाहुण्यांची नावे सूत्रसंचालक घेतील, ती भाषणात पुन्हा नकोत. सेन्सरवरचे दीड पान दोन वाक्यांत आणले आहे. "या यंत्रामुळे कटती कायमची बंद होईल" हे वाक्य मात्र लांबीसाठी काढलेले नाही. यंत्र ओलावा दाखवते, कापूस वाळवत नाही, आणि केंद्रावर अखेर तिथल्याच मीटरचा आकडा धरला जातो. पहिल्याच हंगामात लोकांना हे अनुभवाला आले, तर तुमच्या पुढच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

तुमच्या मसुद्यात वेचणी करणाऱ्या बायांचा उल्लेखच नव्हता, तो मी मुद्दाम घातला आहे. त्या समोर निम्म्या तरी असतील, आणि दव सुकल्यावर वेचा असे सांगताना त्यांच्या मजुरीचा विचार न करणे मला पटले नाही. तो परिच्छेद कृपा करून गाळू नका. आता भाषण पाच मिनिटांत संपते. आकडे सांगताना थांबा, लोक मनात हिशेब करतात.

तुमची,
वहिनी

भाषण

आयाबहिणींनो, शेतकरी बांधवांनो, नमस्कार.

तुमचा कापूस गाडीतून केंद्रावर पोहोचतो, तोवर भाडे भरलेले असते, हमालीही ठरलेली असते. मग ग्रेडर मीटर लावतो, आकडा सांगतो, आणि तो आकडा आपल्याला तिथे पहिल्यांदाच कळतो. तो जास्त निघाला तर कटती सोसायची किंवा गाडी परत फिरवायची, एवढेच आपल्या हाती उरते. आमच्या वडिलांनी एका वर्षी गाडी परत आणली आणि तोच कापूस दुसऱ्या दिवशी दारातल्या व्यापाऱ्याला पडत्या भावात दिला. हा आकडा घरूनच माहीत असता तर त्यांनी दोन दिवस ऊन दिले असते. हे यंत्र त्यासाठीच केले आहे.

हिशेब साधा आहे. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भावातून १ टक्का कमी होतो, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ८१ रुपये. ओलावा १२ टक्के असेल तर क्विंटलला सुमारे ३२४ रुपये जातात, दहा क्विंटलला ३२०० रुपयांच्या वर. आणि १२ टक्क्यांच्या पलीकडे गेला तर माल घेतलाच जात नाही.

आता हे यंत्र पाहा. पुढे या दोन सुया आहेत. ओल्या धाग्यातून वीज सहज वाहते, कोरड्यातून अडखळते, आणि त्यावरून यंत्र ओलाव्याचा आकडा दाखवते. ते टॉर्चच्या सेलवर चालते, त्यामुळे रात्री लाइट नसली तरी काम अडत नाही.

मोजताना एक काळजी घ्या. गंजीचा वरचा कापूस वाऱ्याने वाळलेला असतो, पण आत हात घातला की गारवा लागतो. म्हणून केवळ वरून मोजू नका. वरचा, मधला आणि तळाचा असा मूठमूठ कापूस घ्या, डब्यात घट्ट दाबा, मग सुया खुपसा. सैल कापसात आकडा खोटाच कमी येतो. तिन्ही ठिकाणचे आकडे पाहा आणि सर्वांत मोठा आकडा खरा धरून चला. ओलावा जास्त असेल तर ताडपत्रीवर पातळ पसरा, दुपारी उलथा, संध्याकाळी दव पडायच्या आत झाका आणि पुन्हा मोजा.

केंद्रावरच्या मीटरमध्ये आणि यात एखाद्या टक्क्याचा फरक पडू शकतो, हे मी आजच सांगतो. खरेदी त्यांच्याच आकड्यावर होईल. म्हणून घरी नेमका ८ आल्यावर लगेच गाडी भरू नका, ७ च्या आसपास येऊ द्या. आणि हे यंत्र भाव वाढवत नाही. गाडी आज भरायची की परवा, हे ठरवायला ते मदत करते. दारात आलेला व्यापारी "माल ओला आहे" म्हणाला, तर त्याच्यासमोरच मोजून दाखवता येईल.

वेचणीला जाणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट सांगायची आहे. सकाळच्या दवात वेचलेला कापूस ओला असतो, म्हणून दव सुकल्यावर वेचणी सुरू करणे चांगले. पण तुमची मजुरी किलोवर असते. उशिरा सुरुवात झाली तर तुमचे वजन कमी भरते आणि तोटा तुमच्या पदरी येतो. कोरड्या कापसाला जो जास्तीचा पैसा मिळेल, तो तुमच्या कामामुळे मिळेल. तेव्हा उशिरा वेचणी हवी असेल, तर मालकाने किलोचा दर वाढवून द्यावा, असे मी इथे सर्वांसमोर म्हणतो. आमच्या घरच्या वावरात या हंगामापासून तसेच करत आहोत.

यंत्राची किंमत २४०० रुपये आहे. प्रत्येक घराने ते घेण्याची गरज नाही. मोजायला पाच मिनिटे लागतात, त्यामुळे आठ-दहा घरांत किंवा बचत गटात मिळून एक घेतले तरी पुरते. दोन वर्षांची हमी आहे, आणि बिघाड झाला तर कुरिअर करायची गरज नाही. समुद्रपूरच्या बाजाराच्या दिवशी आमचा माणूस तिथे बसेल. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर तोवर वापरायला दुसरे यंत्र देईल.

त्या टेबलांवर चार यंत्रे ठेवली आहेत. ज्यांनी पिशवीतून घरचा कापूस आणला आहे, त्यांनी आधी या, स्वतःच्या हाताने मोजा आणि काही शंका असेल तर मला तिथेच विचारा. पैसे आज कोणाकडूनही घेणार नाही. नाव लिहून जा, घरी विचार करा आणि पुढच्या आठवड्यात कळवा.